पुसलेले घड्याळ, वाढवलेला धूर आणि मे महिन्यातले दोन तट

दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक छायाचित्र आपल्या भिंतींवर अवतरते. बर्लिनच्या उद्ध्वस्त राइशस्टागच्या माथ्यावरून एक सोव्हिएत सैनिक पुढे झुकून लाल निशाण फडकावतो आहे, खालून दुसरा त्याचे पाय सावरतो आहे आणि मागे शहरावर काळा धूर दाटला आहे. बहुधा ते रंगीत असते, आणि खाली ओळ असते: ‘३० एप्रिल १९४५, तो ऐतिहासिक क्षण.’ तासाभरात दुसरा तट हजर होतो. ‘हे बनावट आहे, घड्याळ पुसले आहे, धूर खोटा आहे, सोव्हिएत इतिहास असाच असतो.’ मग चार दिवस रणधुमाळी.

या धाग्यात मला दोन्ही तटांशी भांडायचे आहे. वरवर ते परस्परविरोधी दिसतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही पडद्यावरच्या एका फाइलकडे पाहून ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा निकाल देतात. ही कोणती प्रिंट, कधीची, कोणत्या निगेटिव्हवरून काढलेली आणि कोणाचा हात फिरलेली, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. अभिलेखागारातल्या छायाचित्राची परीक्षा त्या प्रश्नापासून सुरू होते, आणि निकाल क्वचितच एका शब्दात मावतो.

आधी घटना. छायाचित्रकार येवगेनी खाल्देई हे सोव्हिएत वृत्तसंस्था ‘तास’चे. इवो जिमा बेटावर अमेरिकी सैनिक ध्वज उभारत असल्याचे जो रोझेन्थाल यांचे छायाचित्र फेब्रुवारी १९४५ मध्ये जगभर गाजले होते, आणि तशा तोडीचे चित्र बर्लिनमधून मिळवायचे हे खाल्देई यांच्या मनात पक्के होते. मॉस्कोत त्यांनी लाल टेबलक्लॉथ मिळवले, ओळखीच्या एका शिंप्याकडून त्यांचे ध्वज शिवून घेतले आणि ते सामानात घालून बर्लिन गाठले. राइशस्टागवर पहिले निशाण ३० एप्रिलच्या रात्री चढले होते, परंतु लढाई चालू असताना आणि अंधारात त्याचे छायाचित्र निघाले नाही. खाल्देई वर चढले ते २ मे रोजी, शहर शरण आले त्या दिवशी. भेटलेल्या सैनिकांना सोबत घेऊन त्यांनी लायका कॅमेऱ्यातला ३६ फ्रेमचा रोल तिथे संपवला. त्यातली एक फ्रेम १३ मे रोजी ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात छापून आली.

म्हणजे ‘३० एप्रिलचा क्षण’ ही ओळ चुकीची आहे, आणि तिची चूक छायाचित्रातच दिसते. खाली रस्त्याकडे नीट पाहा. तिथे वाहने आहेत, माणसे उघड्यावर उभी आहेत, कोणी आडोसा शोधत नाही. लढाई चालू असलेला रस्ता असा दिसत नाही. हे ओळखायला भिंगाची गरज नाही. चित्राच्या नायकावरून नजर हटवून कोपऱ्यांत नेली की पुरे. जुने छायाचित्र वाचण्याची हीच पहिली पायरी, कारण हात फिरवणाऱ्याचे लक्षही नायकावरच असते आणि कोपरे बहुधा जसेच्या तसे राहून जातात.

आता घड्याळ. ध्वज धरणाऱ्याला खालून सावरणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर काहीतरी बांधलेले दिसत होते. दोन हातांवर दोन घड्याळे म्हणजे लुटीचा संशय, आणि ही गोष्ट ‘तास’च्या संपादकांच्या नजरेत आली. तेव्हा खाल्देई यांनी उजव्या मनगटावरची वस्तू निगेटिव्हवरच सुईने खरवडून काढली. नंतरच्या मुलाखतींत त्यांनी हे लपवलेही नाही.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण ‘खरवडून काढली’ म्हणजे नेमके काय हे कळल्याशिवाय पुढची परीक्षा उमगणार नाही. निगेटिव्हमध्ये उजेडाच्या जागी चांदीचे कण दाट साचतात. दाट जागेतून एन्लार्जरचा प्रकाश कमी जातो, म्हणून प्रिंटवर ती जागा उजळ राहते. घड्याळाची चकाकती काच निगेटिव्हवर एक दाट ठिपका असणार. सुईने त्या ठिकाणचे इमल्शन उडवले की तिथून प्रकाश मोकळा जातो आणि प्रिंटवर तो भाग काळवंडतो. भोवती गडद बाही असेल तर काळवंडलेला ठिपका तिच्यात बेमालूम मिसळतो. याउलट निगेटिव्हवर पेन्सिलीने किंवा रंगाने भर घातली तर प्रिंट तिथे उजळते. प्रिंटवर काम केले की हाच नियम उलटतो: पाते चालवले की कागदाचा पांढरेपणा उघडा पडतो आणि रंगाची कुंचली फिरवली की जागा गडद होते.

हा नियम लक्षात ठेवला की संशयित जागेकडे पाहून विचारता येते: इथे काहीतरी उजळ होते ते गडद केले आहे, की गडद होते ते उजळ केले आहे? आणि ते निगेटिव्हवर केले, की प्रिंटवर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोलाचे असते. निगेटिव्हवरचा घाव त्यानंतरच्या प्रत्येक प्रिंटमध्ये त्याच जागी, त्याच आकारात उतरतो. प्रिंटवरचा हात फक्त त्या एका प्रतीपुरता, किंवा त्या प्रतीवरून पुन्हा फोटो काढून तयार केलेल्या वंशापुरता असतो. दोन वेगवेगळ्या संग्रहांतल्या दोन प्रिंटवर मनगटाचा डाग हुबेहूब सारखा असेल, तर त्यांचा मूळ पुरुष एकच आहे हे समजते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. समान चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावतात, तसेच हे.

पस्तीस मिलिमीटर फिल्मची फ्रेम म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि तिच्यात त्या सैनिकाचे मनगट जेमतेम मिलिमीटरभर. सुईचा सर्वांत नाजूक फटकाही मोठ्या प्रिंटवर जाडजूड दिसतो. त्याच्या कडा फोटोतल्या वस्तूसारख्या मऊ नसून तुटक असतात, आणि मुख्य म्हणजे त्या जागी फिल्मचा ग्रेन अचानक नाहीसा होतो. सबंध चित्रावर वाळूसारखे कण पसरलेले असताना एका ठिकाणी गुळगुळीत काळा डबका दिसला, तर तिथे चांदी उरलेली नाही असे समजावे. जुन्या काचेच्या मोठ्या प्लेटवर मात्र हे काम फार सफाईने करता येत असे. आपल्याकडच्या पोर्ट्रेट स्टुडिओंत प्लेट तिरक्या काचेवर ठेवून, खालून आरशाने उजेड पाडून, लांब टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून काढत. माझ्या पणजीच्या एकमेव फोटोत तिच्या कपाळावर एकही आठी नाही. घरातले सगळे सांगतात की आठीशिवाय तिला कोणी पाहिलेच नव्हते.

धुराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. या फ्रेमच्या आरंभीच्या रूपात मागचे आकाश बरेच फिके आहे. पुढच्या आवृत्त्यांत दाट काळे लोट उभे राहतात. ते खाल्देई यांनी दुसऱ्या छायाचित्रातून आणले, आणि चित्राचा कॉन्ट्रास्टही वाढवला. अशा कामाची डार्करूममधली सर्वसाधारण रीत ठरलेली होती. पहिली निगेटिव्ह छापताना फिके आकाश कागदावर जवळजवळ पांढरे उरते, आणि त्या उरलेल्या पांढऱ्या जागेवर दुसरी निगेटिव्ह लावून, बाकीचा भाग पुठ्ठ्याने झाकून, धूर छापायचा. आकाश फिके असते म्हणूनच ते साधते. छपाईत कागदावर काळेपणाची भर घालता येते, आलेला काळेपणा काढता येत नाही. मग त्या प्रिंटचा फोटो काढून नवी निगेटिव्ह बनवायची, म्हणजे दर वेळी पुठ्ठे हलवत बसायला नको.

हे पकडायचे कसे? पहिली जागा म्हणजे धूर आणि वस्तू यांच्या सीमा. धूर पुतळ्याच्या काळ्या आकृतीवर पसरला तर दिसणारच नाही, कारण काळ्यावर काळे मिळून जाते. परंतु ध्वजासारख्या मधल्या छटेच्या वस्तूवरून तो गेला तर ती वस्तू उगाच गडद होते, जणू निशाण पारदर्शक आहे आणि धूर त्यातून आरपार चालला आहे. ते टाळायला छापणारा पुठ्ठा जरा ऐसपैस धरतो, आणि मग वस्तूभोवती फिक्या आकाशाची एक पट्टी, प्रभावळीसारखी, शिल्लक राहते. आरपार धूर किंवा प्रभावळ, दोहोंपैकी एक बहुधा सापडते. दुसरी जागा ग्रेन. दोन निगेटिव्ह वेगवेगळ्या पटीत मोठ्या केल्या असतील तर धुरातला कण आणि सैनिकाच्या गणवेशातला कण सारखा नसतो. मात्र प्रिंटचा पुन्हा फोटो काढला की दोन्ही ग्रेन एकमेकांत मिसळून मऊ होतात, सावल्या बुजतात, आणि हा पुरावा पुसट होतो. असे सर्वत्र बुजलेले, करकरीत काळे-पांढरे रूप दिसणे हीच खूण आहे की आपण मूळ निगेटिव्हपासून एक-दोन पिढ्या दूर आहोत.

एक पुरावा मी मुद्दाम कमकुवत म्हणून सांगते, कारण तोच सर्वाधिक मिरवला जातो: ‘निशाण एकीकडे फडकते आहे आणि धूर दुसरीकडे चालला आहे, म्हणजे खोटे.’ मोडक्या कळसांच्या आणि पुतळ्यांच्या मधून वारा कसाही भोवंडतो. दूरच्या आगीचा धूर आणि माथ्यावरचा ध्वज एकाच वाऱ्यात असतील असे नाही. या चित्रात धूर घातलेला आहेच, पण तो या युक्तिवादाने सिद्ध होत नाही. योग्य निष्कर्षाला अयोग्य कारणाने पोहोचणारा माणूस पुढच्या वेळी अस्सल चित्रालाही खोटे ठरवतो.

सर्वांत भक्कम पुरावा चित्राच्या आत नसतोच, तो शेजारी असतो. त्याच रोलवरच्या आगच्या-मागच्या फ्रेम, वेगवेगळ्या सालांत छापलेल्या आवृत्त्या, प्रिंटच्या पाठीवरचे शिक्के आणि नोंदी. शेजारच्या फ्रेममध्ये आकाश मोकळे असेल तर काही क्षणांत तिथे धुराचा डोंगर उगवत नाही. खाल्देई यांच्या या चित्राच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवता येतात: फिक्या आकाशाची, भरगच्च धुराची, एवढेच काय, अधिक डौलाने फडकणारे वेगळे निशाण लावलेलीसुद्धा. सैनिक तसूभर हलत नाहीत, पुतळे हलत नाहीत, आणि निशाण मात्र बदलते. यापुढे भिंगाने काय सिद्ध करायचे राहिले?

आता त्या ‘फॅक्ट चेक’वाल्यांकडे वळते, जे फाइल एखाद्या संकेतस्थळावर टाकून ‘एरर लेव्हल ॲनालिसिस’चे चकाकणारे चित्र घेऊन येतात आणि लखलखणाऱ्या कडांभोवती लाल वर्तुळे काढतात. ही पद्धत जेपीईजी फाइलच्या वेगवेगळ्या भागांत संकोचनाचा फरक किती आहे, एवढेच दाखवते. एखाद्याने काल संगणकावर एक तुकडा चिकटवला असेल तर तिचा काही उपयोग होऊ शकतो. १९४५ साली डार्करूममध्ये घातलेला धूर स्कॅनरच्या दृष्टीने बाकीच्या कागदासारखाच कागद आहे. सबंध प्रिंट एकाच झोतात स्कॅन झाली आणि एकाच वेळी संकोचली. तिथे फरक उरतच नाही. लखलखतात त्या कडा असतात, कारण तीव्र कडा नेहमीच लखलखतात. हत्याराने उत्तर दिले हे खरे, पण प्रश्न दुसराच होता.

स्कॅन आणखीही एक पुरावा गिळतो. प्रिंटवर कुंचलीने भरलेला रंग तिरक्या उजेडात धरला की वेगळा चकाकतो किंवा वेगळा मंद दिसतो. खरवडलेल्या जागी कागदाचा पृष्ठभाग उठलेला जाणवतो. समोरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात केलेल्या स्कॅनमध्ये यातले काही येत नाही. म्हणून प्रत्यक्ष प्रिंट हातात न घेता ‘प्रिंटवर रिटचिंग नाही’ असे कोणी लिहिले, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला ते दिसले नाही.

राहता राहिला रंग. हा माझाही अपराध आहे, कारण पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या चर्चासत्रात मी हेच चित्र रंगीत स्वरूपात पडद्यावर लावले होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंग नोंदला जात नाही, फक्त उजळपणा नोंदला जातो. निशाणाची ती करडी छटा लाल कापडाची असू शकते, तपकिरीची असू शकते आणि एखाद्या हिरव्याचीही असू शकते. निशाण लाल होते हे आपल्याला फिल्म सांगत नाही, बाहेरचा इतिहास सांगतो, आणि रंग भरणाऱ्याने तोच इतिहास चित्रावर परत लिहिलेला असतो. निशाणापुरते ठीक. पण गणवेशाचा नेमका हिरवट-तपकिरी, आकाशाचा तो तांबूस धूसर, भिंतीच्या दगडाचा पिवळा? ते कोणत्या साधनावरून आले? रंगीत फाइलमधला रंग काढून टाकून पाहा. बहुतेक वेळा जुनेच करडे चित्र परत मिळते. म्हणजे रंगाने माहितीत काडीची भर घातलेली नसते, फक्त खात्री वाढवलेली असते. हाताने जाड रंग दिलेल्या प्रतींत तर उलट खालचा तपशील झाकला जातो.

याहून जुन्या प्लेटच्या बाबतीत हा धोका दुप्पट होतो, कारण त्या उजळपणाही सरळ नोंदत नसत. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या आरंभीच्या बहुतेक प्लेट निळ्या प्रकाशाला तीव्र आणि लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या होत्या. म्हणून निळे आकाश त्यांच्यावर कोरे पांढरे येते आणि लाल वस्तू काळीकुट्ट. लोकमान्य टिळकांची पगडी लाल, पण जुन्या छायाचित्रांत ती काळसर दिसते ती याच कारणाने. ज्याला हे ठाऊक नाही तो इमानदारीने तिला काळा रंग देईल, आणि दहा वर्षांनी कोणीतरी त्या रंगीत चित्राचा दाखला देऊन टिळक काळी पगडी घालत असे लिहील.

आता ‘बनावट, बनावट’ ओरडणाऱ्या तटाला एक विचारते. काय बनावट? सैनिक होते. इमारत तीच होती. निशाण आणवलेले होते, प्रसंग पुन्हा घडवलेला होता, धूर वाढवला होता आणि मनगटावरची एक वस्तू पुसली होती. ही चार वेगवेगळी विधाने आहेत, त्यांचे पुरावे वेगवेगळे आहेत, आणि त्यांतली पहिली दोन तर रिटचिंगच नाहीत. कॅमेऱ्यासमोर प्रसंग रचणे आणि निगेटिव्हवर सुई चालवणे यांना एकाच शब्दात कोंबले की यातले काहीच समजत नाही. शिवाय सर्वांत टिकाऊ फेरफार डार्करूमबाहेर झाला. अनेक दशके हे चित्र ‘विजयध्वज’वाल्या येगोरोव आणि कांतारिया यांच्या अधिकृत कथेला जोडले गेले. प्रत्यक्षात चित्रातल्यांपैकी अब्दुलहाकिम इस्माइलोव या दागेस्तानच्या सैनिकाला ‘रशियाचा वीर’ हा किताब मिळायला १९९६ साल उजाडले. चुकीची फोटोओळ कोणत्याही भिंगाखाली दिसत नाही.

आणि याच तटाची एक उडी मला सर्वांत जास्त खटकते: ‘घड्याळ पुसले, म्हणजे तो सैनिक लुटारू होता.’ लाल सेनेने बर्लिनमध्ये लूट केली, आणि लुटीहून भयंकरही बरेच केले, याचे पुरावे इतरत्र आहेत आणि विपुल आहेत. परंतु या मनगटावर दुसरे घड्याळ होते की सैनिक वापरत तसे मनगटी होकायंत्र, यावर वाद घातला गेला आहे. मिलिमीटरभर जागेतली गोल चकती दोन्हींपैकी काहीही असू शकते, आणि खरवडलेले इमल्शन परत भरून येत नाही. सुईचा तो ओरखडा सिद्ध करतो तो वेगळाच तपशील: मे १९४५ मध्ये मॉस्कोतल्या एका संपादकाला वाटले की लोक याला लूट म्हणतील. भीती कोणाला होती, कशाची होती आणि किती तातडीची होती, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. पुसण्याची खूण पुसणाऱ्याविषयी साक्ष देते. ज्याच्या हातावरून पुसले त्याच्याविषयी ती गप्प आहे.

‘सगळेच रिटच करत, मग एवढे काय’ असे पहिला तट म्हणेलच. पणजीच्या कपाळावरची आठी आणि सैनिकाच्या मनगटावरची चकती यांत तंत्राचा फरक फारसा नाही हे मी मान्य करते. फरक हा की पणजीचा फोटो तिचे कपाळ कसे होते याचा पुरावा म्हणून कोणी देत नाही, आणि तुम्ही मात्र हे चित्र ‘तो क्षण’ म्हणून देता. दावा तुमचा आहे, म्हणून जबाबदारीही तुमचीच.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात चित्र टाकायचेच असेल तर अवश्य टाका. कृष्णधवल टाका, आणि खाली एवढे लिहा: ‘येवगेनी खाल्देई, राइशस्टाग, बर्लिन, २ मे १९४५. लढाई थांबल्यावर छायाचित्रासाठी घडवलेला प्रसंग. निशाण छायाचित्रकाराने सोबत आणलेले. उजव्या मनगटावरची वस्तू निगेटिव्हवर खरवडलेली, धूर दुसऱ्या छायाचित्रातून आणलेला.’ आणि तुमच्या फाइलमध्ये आकाश फिके असेल तर धुराचे शेवटचे वाक्य खोडा, कारण मग तुमच्याकडे दुसरी आवृत्ती आहे.